निवृत्तीनंतर पुन्हा काम धरलं तर पेन्शनला कात्री कुठे लागते?

प्रश्न: "नमस्कार. मे २०२५ अखेर मी भुसावळला रेल्वेतून निवृत्त झालो. ऑफिसचं काम होतं, शेवटचं बेसिक ६२,२००. चाळीस टक्के पेन्शन विकली आहे. आता आमच्याच ऑफिसने एक वर्षासाठी परत यायला विचारलंय. एक मित्र म्हणतो पेन्शन अर्धी होईल, दुसरा म्हणतो डीआर बंद होईल. मेहुण्याच्या ओळखीने जळगाव एमआयडीसीत एका कारखान्यात २५ हजारांचं कामही मिळतंय. मेहुण्याचा भाऊ फौजेतून येऊन बँकेत लागला, त्याच्यावर अडीच लाखांची वसुली निघाली, म्हणून जास्त धास्ती आहे. काय करावं?"

भाऊ, तुमच्या दोन्ही मित्रांनी जे ऐकलं ते खोटं नाही. फक्त ते वेगवेगळ्या माणसांबद्दलचं आहे आणि तुमच्या डोक्यात त्याची सरमिसळ झाली आहे. माझी बरीचशी नोकरी लेखा शाखेत पेन्शनच्या टेबलावर गेली. आता पेन्शनर मंडळींचे कागद बघून देतो, त्यात हा प्रश्न दर हिवाळ्यात येतो. बहुतेक जण विचारतात, "पेन्शन कापतील का?" माझं म्हणणं असं, की आधी बघा कात्री कुठल्या बाजूला आहे. ती पेन्शनच्या बाजूला असू शकते, नव्या पगाराच्या बाजूला असू शकते, किंवा नुसती डीआरवर, म्हणजे पेन्शनवरच्या महागाई दिलाशावर, असू शकते. तिन्हींचा हिशेब वेगळा, आणि तुम्ही कुठल्या कागदावर सही करता त्यावर सगळं अवलंबून.

कारखान्याचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. तुमची पेन्शन ही केलेल्या नोकरीची मिळकत आहे. खासगी ठिकाणी तुम्ही २५ हजार कमवा नाहीतर दोन लाख, पेन्शन आणि डीआर यांतला एक रुपयाही कमी होत नाही. वरची मर्यादा नाही, कुणाला कळवायची गरज नाही. निवृत्तीनंतर एक वर्षाच्या आत खासगी नोकरी धरायला परवानगी लागते असं कुणी सांगितलं असेल, तर ती अट गट अ अधिकाऱ्यांना आहे. तुमचं बेसिक बघता तुम्ही त्यात येत नसणार. पीएफचीही काळजी नको. पूर्वी कधी ईपीएफचे सभासद नसाल आणि बेसिक १५ हजारांच्या वर असेल, तर कारखान्याला तुमचा पीएफ कापणं सक्तीचं नाही.

आता ऑफिसचं.

सरकारी खात्यात निवृत्त माणसाला परत घ्यायच्या दोन पद्धती आहेत आणि बोलताना दोन्हींना लोक "रि-एम्प्लॉयमेंट" म्हणून मोकळे होतात. पहिली पद्धत म्हणजे ठरावीक मुदतीचा करार. त्यात तुम्ही कुठल्या पदावर नसता, वेतनश्रेणी नसते, वेतनवाढ नसते. दुसरी म्हणजे खरोखरीची पुनर्नियुक्ती. त्यात पद असतं, वेतनश्रेणी असते, महागाई भत्ता असतो. तुम्हाला "एक वर्षासाठी" विचारलंय म्हणजे शंभरातल्या नव्वद वेळा तो करारच असतो. पण अंदाजावर जाऊ नका, पत्र हातात येऊ द्या.

करारावर घेतलेल्यांच्या मानधनाचा केंद्र सरकारचा नियम अर्थ मंत्रालयाच्या ९ डिसेंबर २०२० च्या कार्यालयीन आदेशात आहे. रेल्वेत बोर्डाची स्वतंत्र पत्रं असतात, पण गाभा तोच: निवृत्तीच्या वेळचं बेसिक, त्यातून बेसिक पेन्शन वजा, जे उरेल ते मानधन. ते एकदा ठरलं की कराराच्या मुदतीत बदलत नाही. वेतनवाढ नाही, महागाई भत्ता नाही, घरभाडं नाही. वाहतूक भत्ता मिळायचा असेल तर पत्रात तसं लिहिलेलं असतं. म्हणजे सरकारचा विचार असा, की पेन्शन आणि मानधन मिळून तुम्ही शेवटच्या बेसिकच्या वर जाऊ नये. करारातली मर्यादा म्हणतात ती हीच. आणि ती पेन्शनला हात लावत नाही, मानधन छाटते. "पेन्शन अर्धी होईल" म्हणणाऱ्या मित्राने बहुधा हेच ऐकलं असणार, फक्त उलटं. पेन्शन तशीच राहते, पगार अर्धा होतो.

तुमचेच आकडे घालून बघू. बेसिक ६२,२००, म्हणजे पेन्शन त्याच्या निम्मी, ३१,१००. तिच्यातली चाळीस टक्के तुम्ही विकलीत, ते झाले १२,४४०. म्हणून बँकेत बेसिक पेन्शन म्हणून १८,६६० येते. डीआर मात्र विकण्याआधीच्या, म्हणजे पूर्ण ३१,१०० वर मिळतो. जुलै २०२५ पासूनचा ५८ टक्के दर धरला तर १८,०३८. दोन्ही मिळून महिन्याला ३६,६९८ रुपये. तुमच्या पेन्शन स्लिपवर या तीन ओळी वेगवेगळ्या दिसतात, एकदा ताडून घ्या.

आता मानधन. इथे जवळजवळ प्रत्येक जण एकच गणित चुकवतो. लोक म्हणतात, "मला हातात पेन्शन १८,६६० मिळते, ६२,२०० मधून ती वजा केली की ४३,५४० मानधन." असं होत नाही. वजा होते ती पूर्ण पेन्शन, विकलेल्या भागासकट. आदेशात ते स्पष्ट आहे आणि त्यामागचं कारणही रास्त आहे. विकलेल्या भागाचे एकरकमी पैसे तुम्ही आधीच उचललेत, मग तो भाग "मिळत नाही" असं कसं धरणार? म्हणून ६२,२०० वजा ३१,१००, मानधन ३१,१००. मनातल्या आकड्यापेक्षा १२,४४० ने कमी, आणि हा फटका पहिला पगार हातात येईपर्यंत कित्येकांना कळत नाही. उलटंही होतं. एखाद्या ऑफिसातला बाबू चुकून १८,६६० वजा करतो आणि जास्त मानधन सुरू होतं. खुश होऊ नका. ऑडिटमध्ये ते निघतं आणि वर्षाचे १,४९,२८० रुपये परत मागितले जातात. पहिल्या महिन्यातच पत्रातला आकडा स्वतः तपासा. त्यासाठी दोनच कागद लागतात, शेवटच्या वेतनाचं प्रमाणपत्र आणि पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश.

एक गोष्ट विचारायची राहिली. "ऑफिसचं काम" लिहिलंत म्हणून तुम्ही रनिंग स्टाफमधले नाही असं धरतोय. भुसावळात हे विचारावंच लागतं. लोको पायलट आणि गार्ड यांच्या पेन्शनला बेसिकमध्ये ५५ टक्के रनिंग अलाउन्स मिळवला जातो, त्यामुळे त्यांची पेन्शन बेसिकच्या मानाने मोठी असते. वजाबाकीत नेमकं काय धरायचं ते त्यांनी पर्सोनेल शाखेकडून लेखी घ्यावं. वरचं गणित त्यांनी आपल्याला लावू नये.

डीआरचं काय? करारपत्रात एक वाक्य शोधा. कराराच्या काळात पेन्शन आणि त्यावरचा महागाई दिलासा चालू राहील आणि ही नेमणूक पुनर्नियुक्ती समजली जाणार नाही, अशा अर्थाचं ते असतं. केंद्र सरकारच्या सल्लागार नेमणुकांच्या जाहिरातींतही हे वाक्य तुम्हाला पुन्हा पुन्हा दिसेल. ते असेल तर तुमचे १८,०३८ सुरक्षित. नसेल तर रुजू होण्याआधी अर्ज देऊन ते लेखी घ्या. तोंडी "हो हो, चालू राहतो" याला काही किंमत नाही. सांगणारा साहेब सहा महिन्यांत बदलून जातो.

म्हणजे ऑफिसचा करार धरलात तर महिन्याला ३६,६९८ पेन्शन अधिक ३१,१०० मानधन, एकूण ६७,७९८. कारखाना धरलात तर ३६,६९८ अधिक २५,०००, एकूण ६१,६९८. फरक ६,१०० चा. पुढे डीआर वाढला की दोन्हीकडे सारखाच वाढेल, कारण तो पेन्शनवर आहे. ऑफिसचं मानधन वर्षभर जागचं हलणार नाही. कारखान्यात मात्र सहा महिन्यांनी पगाराची गोष्ट काढता येते, तुमची आणि मालकाची जमली तर.

आता दुसऱ्या मित्राचं, "डीआर बंद होतो". हे खरं आहे, पण ते दुसऱ्या पद्धतीत, खऱ्या पुनर्नियुक्तीत. वेतनश्रेणीतल्या पदावर परत घेतलं की नियम असा, की पेन्शनवरचा महागाई दिलासा त्या काळात थांबतो. ऐकायला अन्याय वाटतो, पण जरा थांबा. तिथे वेतन ठरवताना शेवटच्या वेतनातून पेन्शन वजा होते, तरी महागाई भत्ता मोजला जातो तो वजाबाकीच्या आधीच्या वेतनावर. म्हणजे महागाईचे पैसे एका बाजूने पूर्ण मिळतात म्हणून दुसऱ्या बाजूने बंद. एकाच महागाईची भरपाई दोनदा नको, एवढाच त्यात अर्थ आहे. करारात उलट असतं: मानधनावर भत्ता नाही, म्हणून पेन्शनवरचा डीआर चालू. कुणी तुम्हाला "मानधनावर डीए पण मिळेल आणि डीआर पण चालू राहील" असं सांगितलं तर तिथे काहीतरी गडबड आहे असं समजा आणि पत्र दोनदा वाचा.

आणि हीच गडबड तुमच्या मेहुण्याच्या भावाच्या बाबतीत झाली असणार. कागद बघितल्याशिवाय छातीठोक सांगत नाही, पण असे माजी सैनिक आमच्याकडे चाळीसगाव, पारोळा, साक्रीकडून येतात आणि त्यांची कहाणी साधारण सारखी असते, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

हवालदार, नायक, सुभेदार हे लोक चाळीस-पंचेचाळिशीत निवृत्त होतात. पुढे सरकारी खात्यात किंवा सरकारी बँकेत लागतात. पंचावन्नच्या आत निवृत्त झालेल्या आणि कमिशन्ड अधिकारी नसलेल्या सैनिकांसाठी सरकारने सवलत ठेवली आहे. नव्या नोकरीत वेतन ठरवताना त्यांची फौजेची पेन्शन पूर्णपणे दुर्लक्षित करायची, म्हणजे तिच्यापोटी पगारातून काहीच वजा करायचं नाही. अधिकाऱ्यांना ही सवलत पूर्ण नाही, त्यांच्या पेन्शनमधले पहिले १५ हजार सोडतात आणि बाकीची वजा होते. तुम्ही साठीला निवृत्त झालात, म्हणून तुम्हाला ही सवलत मुळातच नाही. "त्याची पेन्शन वजा झाली नाही, मग माझी का?" याचं उत्तर हेच.

पण सवलतीला जोडून एक अट आहे. पेन्शन पूर्ण दुर्लक्षित केली की नव्या पदावरचं वेतन त्या श्रेणीच्या किमान टप्प्यावर सुरू व्हायला हवं. असं असेल तर पगारावर महागाई भत्ताही मिळतो आणि फौजेच्या पेन्शनवर डीआरही चालू राहतो. पेन्शन विभागाचा २ जुलै १९९९ चा आदेश आहे, १८ जुलै १९९७ पासून लागू. पुढे २०२१ च्या पेन्शन नियमांतही डीआरबाबत तेच धोरण राहिलं.

गोम अशी, की वेतन किमान टप्प्यावर नको, फौजेतल्या शेवटच्या पगाराइतकं धरा, अशी मागणी करता येते. त्याला वेतन संरक्षण म्हणतात. बँकेत लागलेले पुष्कळ जण ते घेतात, घ्यायलाही हरकत नाही, महिन्याचा पगार बऱ्यापैकी वाढतो. मात्र वेतन संरक्षण घेतलं की किमान टप्प्याची अट मोडते आणि पेन्शनवरचा डीआर बंद व्हायला हवा. इथे दोन ऑफिसं एकमेकांना ओळखतच नाहीत. पगार ठरवणारं ऑफिस वेगळं, पेन्शन देणारं वेगळं. नव्या नोकरीत वेतन संरक्षण मंजूर झालं हे पेन्शन देणाऱ्याला कुणी कळवत नाही. डीआर खात्यात येत राहतो, माणूस समजतो सगळं व्यवस्थित आहे. मग कधीतरी ताळमेळ लागतो आणि पत्र येतं.

किती निघतात? समजा बेसिक पेन्शन २० हजार. जानेवारी २०२४ ते डिसेंबर २०२५ या दोन वर्षांत डीआर सहा-सहा महिन्यांनी ५०, ५३, ५५ आणि ५८ टक्के होता. त्या हिशेबाने २४ महिन्यांत २,५९,२०० रुपये जास्त गेले. तुम्ही लिहिलेले अडीच लाख याच्या जवळ जातात, म्हणून मला हा अंदाज येतो.

त्याने आता काय करावं? पहिलं काम, नव्या नोकरीतल्या वेतननिश्चितीच्या आदेशाची प्रत काढावी. वेतन किमान टप्प्यावर ठरलं असेल तर वसुलीच चुकीची आहे. तसं प्रमाणपत्र बँकेच्या एचआर विभागाकडून घेऊन पेन्शन देणाऱ्याला द्यावं, डीआर थकबाकीसकट परत सुरू होतो. अशा केस बघितल्या आहेत, त्यात नोकरी आहे एवढंच बघून डीआर थांबवलेला असतो. वेतन संरक्षण असेल तर पुढचा डीआर बंद होणार हे धरून चालावं आणि मागच्या वसुलीपुरतं भांडावं. सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१४ चा रफिक मसीह निकाल अशा वेळी सगळे काढतात. चूक ऑफिसची असेल तर निवृत्तांकडून आणि खालच्या वर्गातल्या कर्मचाऱ्यांकडून वसुली करू नये, असं तो म्हणतो. पण २०१६ च्या जगदेवसिंग निकालात न्यायालयानेच सांगितलं, की जास्त गेलेली रक्कम परत करीन असं हमीपत्र माणसाने लिहून दिलं असेल तर त्याला ही ढाल पूर्ण मिळत नाही. आणि पेन्शन सुरू होताना बँक असं हमीपत्र आपल्या सगळ्यांकडून घेतेच, सह्यांच्या गठ्ठ्यात ते कधी गेलं हे कुणाच्या लक्षातही नसतं. म्हणून मी त्याला सल्ला देईन तो हप्ते लांबवून मागण्याचा. खर्च करून कोर्टात जायचं की नाही हे वकिलाला हमीपत्र दाखवल्यावर ठरवावं.

हीच वसुली तुमच्यावर कधी येऊ नये यासाठी नोव्हेंबरमध्ये काळजी घ्यायची. हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून काढा नाहीतर सेवा केंद्रात अंगठा लावून, त्यात दोन प्रश्न असतात: पुनर्विवाह केला का, आणि पुन्हा नोकरीत आहात का. केंद्रावरचा पोरगा दोन्हींना न विचारताच "नाही" करतो आणि पुढच्या माणसाला बोलावतो. तुम्ही स्वतः बघा. कारखान्यात असाल तर आपल्या नियमातली ही पुनर्नियुक्ती नाही. ऑफिसच्या करारावर असाल आणि पत्रात ते वाक्य असेल तरीही "नाही" बरोबर. पण या दुसऱ्या प्रकारात मी एक जादा कागद करायला सांगतो. पेन्शन खातं असलेल्या शाखेला साधा अर्ज द्यायचा: अमुक तारखेपासून करारावर काम करतोय, करारपत्राची प्रत सोबत, त्यातल्या अमुक कलमानुसार डीआर देय आहे. पोचपावतीचा शिक्का घेऊन ती प्रत पीपीओच्या फाइलमध्ये ठेवायची. उद्या कुणी "लपवलंत" म्हणालं तर ती पावती बोलते. वेतनश्रेणीतल्या पदावर असलेल्याने मात्र "होय" लिहायचं आणि नियोक्त्याचं प्रमाणपत्र जोडायचं. मेहुण्याच्या भावाने गेल्या वर्षी काय भरलं तेही विचारा. "नाही" भरलं असेल तर "चूक ऑफिसची" हा मुद्दा लंगडा पडतो.

आयकराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण या धंद्यात पेन्शन इतकीच गोंधळाची जागा ती आहे, म्हणून थोडक्यात. करारावर वर्षभर काम केलंत तर पेन्शन आणि मानधन मिळून ८,१३,५७६ होतात. नव्या करपद्धतीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन ७,३८,५७६ उरतात. २०२५-२६ साठी १२ लाखांपर्यंत कर लागत नाही, म्हणजे देणं शून्य. तरी मानधनातून दहा टक्के कापलेले दिसले तर दचकू नका. काही ऑफिसं मानधनाला पगार न मानता व्यावसायिक शुल्क मानतात आणि त्यावर टीडीएस लावतात. तुमच्या ३,७३,२०० वर ते ३७,३२० होतात. विवरणपत्र भरून परत मिळतात, पण तोवर अडकतात आणि विवरणपत्राचा फॉर्मही बदलतो. "मानधन पगार धरून देणार की फी?" हे रुजू होतानाच बिल शाखेला विचारून ठेवा. ज्यांची बेरीज १२ लाखांच्या वर जाते त्यांची अडचण निराळी. पेन्शन देणारी बँक आणि नवं ऑफिस दोघंही प्रमाणित वजावट आणि करमुक्त टप्पा आपापल्या हिशेबात धरतात, दोघांनाही वाटतं कर नाही, आणि विवरणपत्र भरताना एकदम मोठी रक्कम पुढ्यात येते.

आता "उत्पन्न मर्यादा" हा शब्द लोकांच्या तोंडी कुठून आला तेही सांगतो, कारण घरात कुणाला तो लागू असेल तर खरी कुऱ्हाड तिथे आहे. ती आहे कुटुंब निवृत्तिवेतनात. पेन्शनर वारल्यावर पत्नीला मिळणाऱ्या कुटुंब पेन्शनला तिच्या कमाईची मर्यादा नाही, ती नोकरी करत असली तरी मिळते. पण ती पेन्शन पुढे विधवा किंवा घटस्फोटित मुलीकडे, किंवा अवलंबून असलेल्या आईवडिलांकडे गेली, की महिन्याचं स्वतःचं उत्पन्न ९ हजार अधिक त्यावरचा डीआर यापेक्षा कमी असावं लागतं. ५८ टक्क्यांनी ते १४,२२० होतं. इथे हळूहळू कपात नाही. मर्यादा गाठली की पेन्शन पूर्णच थांबते. अशी कुटुंब पेन्शन घेणाऱ्या एखाद्या ताईला कुणी १५ हजारांची नोकरी देत असेल, तर ती धरण्याआधी पेन्शनचा आकडा शेजारी लिहून बघायला सांगा. पंधरा हजारांसाठी वीस हजार घालवल्याची उदाहरणं आपल्याच भागात आहेत.

एसटी, सूतगिरणी, साखर कारखाना अशा ठिकाणाहून निवृत्त झालेले काही जण हे वाचत असतील. तुमची ईपीएस-९५ ची पेन्शन वेगळ्या कायद्याखालची आहे. अठ्ठावन्ननंतर कुठेही काम केलंत तरी कमाईवरून ती कमी होत नाही. ती कमी होते ती अठ्ठावन्नच्या आधी घाईने सुरू केली तर, दर वर्षाला चार टक्क्यांनी, आणि ती कपात आयुष्यभर तशीच राहते.

भाऊ, तुमच्यापुरतं म्हणाल तर दोन्ही वाटांत पेन्शन १८,६६० आणि डीआर १८,०३८ जसेच्या तसे. प्रश्न ६,१०० रुपयांचा आणि तुमच्या दिवसाचा आहे. भुसावळहून जळगाव अपडाऊन, त्यात स्टेशनपासून एमआयडीसीपर्यंत रिक्षा, आणि कारखान्याची शिफ्ट. ऑफिस घराजवळ, माणसं ओळखीची, काम हातातलं, पण एक वर्षानंतर मुदत वाढेलच याची खात्री नाही आणि तोवर कारखान्यातली जागा भरलेली असेल. मला विचाराल तर मी करारपत्र मागवीन, मानधन ३१,१०० लिहिलंय का आणि डीआर चालू राहण्याचं वाक्य आहे का हे बघीन. दोन्ही असेल तर ऑफिस. वाक्य नसेल आणि लिहून द्यायला टाळाटाळ करत असतील तर कारखाना, कारण तिथल्या २५ हजारांवर पुढे कुणी हक्क सांगायला येणार नाही.

पत्र आलं की त्यातली मानधनाची आणि डीआरची दोन कलमं इथे टाइप करून टाका. नाव, पीपीओ नंबर, खातं क्रमांक मात्र टाकू नका. मेहुण्याच्या भावाच्या वेतननिश्चितीच्या आदेशात "किमान टप्पा" आहे की "वेतन संरक्षण", तेवढंही कळवा. मग त्याच्या अर्जाचा मसुदा सांगतो.